इंजिनातला दाब आणि पेट्रोलचा ऑक्टेन

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन सतत वर-खाली होत असतो. तो सर्वांत खाली असताना त्याच्या डोक्यावर जेवढी जागा असते, ती एकूण जागा. आणि तो सर्वांत वर असताना जेवढी जागा उरते, ती ज्वलनाची जागा. एकूण जागेला ज्वलनाच्या जागेने भागले की येणाऱ्या आकड्याला कॉम्प्रेशन रेशो किंवा संपीडन गुणोत्तर म्हणतात. हा आकडा दहा असेल तर सिलिंडरभर घेतलेले हवा आणि पेट्रोलचे मिश्रण ठिणगी पडण्याआधी एक दशांश जागेत कोंबले जाते. गाडीच्या माहितीपत्रकात तो १०:१ असा छापलेला असतो.

एक इंजिन समोर ठेवले की हा हिशेब सोपा होतो. भारतीय रस्त्यांवर सर्वाधिक दिसणाऱ्या १०० सीसी वर्गातल्या मोटारसायकलींमध्ये ५० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि ४९.५ मिलिमीटरचा स्ट्रोक ही मापे बरीच वर्षे रूढ आहेत. स्ट्रोक म्हणजे पिस्टनच्या एका फेरीची लांबी. या मापांवरून पिस्टन आपल्या फेरीत ९७.२ घनसेंटिमीटर जागा व्यापतो. गाडीची ‘सीसी’ म्हणून सांगितली जाते ती हीच जागा. कॉम्प्रेशन रेशो ठरतो तो मात्र पिस्टनच्या वर, सिलिंडर हेडच्या पोकळीत उरलेल्या जागेवर. ही जागा १३.९ घनसेंटिमीटर असेल तर एकूण जागा १११.१ होते आणि रेशो आठ येतो. ती १०.८ असेल तर रेशो दहा होतो आणि ८.८४ असेल तर बारा.

हे आकडे जवळून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. इंजिनाची सीसी तिन्ही वेळा तीच आहे. रेशो दहावरून बारावर नेण्यासाठी ज्वलनाची जागा फक्त दोन घनसेंटिमीटरने कमी करावी लागली. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये दोन घनसेंटिमीटर म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर. म्हणूनच हेड मशीनवर घासून घेतले, पातळ गॅस्केट बसवले किंवा फुगीर माथ्याचा पिस्टन टाकला, तरी रेशो झपाट्याने बदलतो. उलट बाजूने, पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडच्या आत वर्षानुवर्षे कार्बनचा थर साचत गेला तर कोणी काही न करताही रेशो वाढतो. दहा रेशोच्या या इंजिनात एक घनसेंटिमीटर कार्बन साचला, तर ज्वलनाची जागा ९.८ वर येते आणि रेशो जवळजवळ अकरा होतो. त्यासाठी थराची सरासरी जाडी पाव मिलिमीटरही लागत नाही.

रेशो आणि दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच स्पष्ट व्हायला हवे. गॅरेजमध्ये स्पार्क प्लग काढून त्या जागी प्रेशर गेज लावतात आणि किक मारून इंजिनाचे ‘कॉम्प्रेशन’ तपासतात. त्या गेजवर दिसतो तो दाब. रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसत नसला तर तो कमी भरतो. कॉम्प्रेशन रेशो मात्र जागांच्या मापांवरून ठरतो आणि रिंगा झिजल्याने तो बदलत नाही. तो प्रत्यक्ष मोजायचा असेल तर पिस्टन सर्वांत वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून, प्लगच्या छिद्रातून मोजनळीने पातळ तेल भरतात आणि आत किती घनसेंटिमीटर मावले ते पाहतात.

दाबल्याने काय मिळते

मिश्रण इतके दाबण्याची खटपट कशासाठी, याचे उत्तर दाबण्यात नसून त्यानंतरच्या प्रसरणात आहे. ठिणगी पडून मिश्रण पेटले की तापलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो आणि ढकलता ढकलता प्रसरण पावून थंड होतो. उष्णतेचे कामात रूपांतर होते ते याच वेळी. बाराच्या रेशोला वायू मूळ जागेच्या बारा पट पसरतो, आठच्या रेशोला आठ पटच. जितका जास्त पसरेल तितकी त्याची उष्णता पिस्टनच्या कामी येते आणि सायलेन्सरवाटे वाया जाणारी उष्णता कमी होते.

निकोलाउस ओटो या जर्मन अभियंत्याने १८७६ मध्ये चार स्ट्रोकचे इंजिन चालवून दाखवले. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आदर्श चक्राचे गणित केले तर सहाच्या रेशोला ५१ टक्के, आठला ५६.५ टक्के, दहाला ६० टक्के आणि बाराला ६३ टक्के उष्णता कामात बदलता येते असे उत्तर येते. प्रत्यक्षातले इंजिन याच्या बरेच खाली राहते, कारण सिलिंडरच्या भिंती उष्णता खातात, घर्षण असते आणि ज्वलनाला वेळ लागतो. तरीही चढाची दिशा तीच राहते. रेशो वाढवला की तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त शक्ती मिळते. आकड्यांतून दुसरी गोष्टही दिसते: सहावरून आठवर जाताना पाच टक्क्यांहून अधिक लाभ होतो, दहावरून बारावर जाताना तो तीन टक्क्यांच्याही आत येतो. चढ हळूहळू मंदावत जातो, पण त्याची किंमत मात्र मंदावत नाही. ती किंमत म्हणजे तापमान.

दाब वाढला की ताप वाढतो

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते. हवा झटकन दाबली की तिच्यावर केलेले काम तिच्यातच उष्णतेच्या रूपाने साठते. सिलिंडरमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर घडते. ३७ अंश सेल्सिअस तापमानाचे मिश्रण आत आले असे धरले आणि भिंतींना जाणारी थोडी उष्णता वजा केली, तर आठच्या रेशोला पिस्टन वर पोहोचेपर्यंत मिश्रण साधारण ३७० अंशांवर जाते. दहाच्या रेशोला ते ४२० अंशांच्या आसपास आणि बाराच्या रेशोला ४६५ अंशांच्या पुढे जाते. दाबही वातावरणाच्या अनुक्रमे सुमारे १७, २२ आणि २९ पट होतो. हे सगळे ठिणगीविना, केवळ दाबल्याने झालेले आहे.

ठिणगी पडल्यावर मिश्रण एकदम पेटत नाही. प्लगपाशी एक छोटी ज्वाला तयार होते आणि ती पसरत पसरत भिंतीपर्यंत जाते. तीन हजार फेऱ्यांच्या गतीला या प्रवासाला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. ज्वालेच्या मागे जळालेला वायू फुगतो आणि पुढे उरलेल्या, अजून न पेटलेल्या मिश्रणाला आणखी दाबतो. पिस्टनने आधीच दाबलेले हे मिश्रण आता दोन्हीकडून कोंडले जाते. ज्वलनाच्या शेवटी दाब वाढून अडीच पट झाला असे मानले, तर आठच्या रेशोच्या इंजिनात या उरलेल्या मिश्रणाचे तापमान साधारण ५३० अंश, दहाच्या रेशोत ६०० अंशांच्या जवळ आणि बाराच्या रेशोत ६५० अंशांच्या आसपास पोहोचते. शर्यत इथे सुरू होते. ज्वाला वेळेत पोहोचली तर उरलेले मिश्रण शांतपणे जळते. ती पोहोचण्याआधीच त्या मिश्रणाची सहनशक्ती संपली तर ते आपोआप, एकाच क्षणी, सगळीकडून पेटते.

या आपोआप पेटण्यालाच नॉकिंग म्हणतात. त्याने निर्माण झालेला दाब सिलिंडरभर पसरायला वेळ न मिळाल्याने दाबाच्या लाटा भिंतींवर आदळत पुढे-मागे धावू लागतात. मोटारीच्या ८० मिलिमीटरच्या सिलिंडरमध्ये या लाटा सेकंदाला सहा-सात हजार वेळा थरथरतात आणि त्या थरथरीचा ‘टिक-टिक’ किंवा ‘खड्-खड्’ असा धातूचा आवाज बाहेर ऐकू येतो. नुकसान केवळ आवाजाचे नाही. नेहमी पिस्टनच्या माथ्याला चिकटून वायूचा एक शांत, तुलनेने गार थर असतो आणि तो ॲल्युमिनियमला जळत्या वायूपासून वाचवतो. नॉकिंगच्या लाटा हा थर उडवून लावतात. मग पिस्टनच्या कडेला बारीक खड्डे पडतात, रिंगांमधल्या कडा तुटतात, हेड गॅस्केट उडते आणि नॉकिंग जोरात चालू राहिले तर पिस्टनला भोकही पडते.

इंधनाची सहनशक्ती कशी ठरते

कोणते पेट्रोल किती ताप सोसते, हे त्याच्या रेणूंच्या आकारावर अवलंबून असते. पेट्रोल हे एक रसायन नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. काहींमध्ये कार्बनचे अणू सरळ माळेत गुंफलेले असतात, काहींमध्ये फांद्या फुटलेल्या असतात, तर काहींमध्ये त्यांची कडी बनलेली असते. मिश्रण तापू लागले की हवेतला ऑक्सिजन रेणूला चिकटतो आणि पेरॉक्साइडसारखी अस्थिर संयुगे तयार होतात. ती फुटली की आणखी क्रियाशील तुकडे बाहेर पडतात आणि क्रिया स्वतःच स्वतःला वेग देते. सरळ माळेच्या रेणूत हे सहज घडते. फांद्यांच्या रेणूत ऑक्सिजनच्या त्या पुढच्या पायऱ्यांना अडथळा येतो, आणि कडीचे रेणू तर त्याहून दाद देत नाहीत. आपोआप पेटण्याला लागणारा काळ त्यामुळे लांबतो आणि ज्वालेला पोहोचायला सवड मिळते.

हा फरक १९२० च्या दशकात मोटार उद्योगासमोर मोठा प्रश्न बनून उभा होता. तेव्हाचे पेट्रोल इतके कमी सोसायचे की इंजिनांचे रेशो चार-पाचच्या पुढे नेता येत नव्हते. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी रेशो बदलता येईल असे प्रयोगाचे इंजिन बांधून वेगवेगळी इंधने तपासली. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या डेटन इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली थॉमस मिजली यांना ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग चिमूटभर मिसळले तरी नॉकिंग थांबते असे आढळले. ते स्वस्त होते आणि जगभर पसरले. शिसे विषारी असते आणि धुरातून श्वासात जाते, हे मात्र नंतर फार महागात पडले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. २०२१ मध्ये अल्जीरियाने शेवटचा साठा संपवल्यावर मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल जगातून संपले.

शिशाच्या जागी तेलशुद्धीकरण कारखान्यांनी पेट्रोलचे रेणूच बदलण्याचा मार्ग धरला. सरळ माळा तोडून-जोडून फांद्यांचे आणि कडीचे रेणू वाढवले जातात. यामुळे ऑक्टेन वाढतो, पण त्या प्रक्रियांना खर्च येतो. पंपावर जास्त ऑक्टेनचे पेट्रोल महाग का असते, याचे मूळ तिथे आहे.

ऑक्टेनचा आकडा कसा मोजतात

सहनशक्तीला आकडा देण्याचे काम १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर यांनी केले. त्यांनी दोन शुद्ध इंधने निवडली. नॉर्मल हेप्टेन सरळ माळेचे असून फार लवकर नॉक करते, त्याला शून्य गुण दिले. आयसोऑक्टेनला फांद्या असून ते फार सोसते, त्याला १०० गुण दिले. दोन्ही कोणत्याही प्रमाणात मिसळता येतात आणि त्यांची उकळण्याची तापमाने जवळजवळ सारखी असल्याने तुलना चोख होते. एखादे पेट्रोल ९१ टक्के आयसोऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकेच नॉक करत असेल, तर त्याचा ऑक्टेन ९१. त्यात खरोखर ९१ टक्के आयसोऑक्टेन असायलाच हवे असे नाही. हा तुलनेचा आकडा आहे, घटकांचा नाही. इथेनॉलसारख्या इंधनाचा आकडा म्हणूनच शंभराच्या वर जाऊ शकतो.

मोजणीसाठी एकच सिलिंडर असलेले एक खास इंजिन वापरतात. ते चालू असतानाच सिलिंडर वर-खाली सरकवून त्याचा रेशो ४ पासून १८ पर्यंत बदलता येतो. तपासायच्या पेट्रोलवर ते चालवून नॉकिंग ठरावीक पातळीवर येईपर्यंत रेशो वाढवतात आणि तेवढेच नॉकिंग करणारे हेप्टेन-आयसोऑक्टेनचे मिश्रण शोधतात. म्हणजे ऑक्टेनचा आकडा मुळात कॉम्प्रेशन रेशो वाढवत नेऊनच जन्माला येतो. ही चाचणी ६०० फेऱ्यांच्या गतीला केली की ‘रिसर्च ऑक्टेन नंबर’ म्हणजे आरओएन मिळतो. ९०० फेऱ्यांना, फार तापवलेल्या मिश्रणावर केलेल्या कडक चाचणीतून ‘मोटर ऑक्टेन नंबर’ म्हणजे एमओएन मिळतो आणि तो सहसा आठ-दहाने कमी असतो.

भारतात आणि युरोपात पंपावर आरओएन सांगतात. अमेरिकेत मात्र दोन्हींची सरासरी लिहिण्याची पद्धत आहे. त्यामुळे अमेरिकेत नव्याने गेलेल्या मराठी माणसाला पंपावर ८७ हा आकडा दिसला आणि तिकडचे पेट्रोल इथल्या ९१ पेक्षा हलके वाटले, तर तो समज चुकीचा ठरतो. अमेरिकेतले ८७ आणि इथले ९१ ते ९२ आरओएन ही जवळपास एकच प्रत आहे.

ऑक्टेनचा अर्थ लक्षात आला की दुसरा गैरसमजही दूर होतो. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये जास्त ऊर्जा नसते. इथेनॉलचा आरओएन १०८ च्या आसपास आहे, पण एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ऑक्टेन वाढल्याने इंजिनाला दाब वाढवण्याची परवानगी मिळते, एवढेच. ती परवानगी वापरणारे इंजिन नसेल तर तिचा उपयोग शून्य.

एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्या

रेशो आणि ऑक्टेन यांचे नाते माझदा कंपनीच्या स्कायॲक्टिव्ह-जी या इंजिनात विशेष स्पष्ट दिसते. २०११ पासून बाजारात आलेल्या या पेट्रोल इंजिनाचा रेशो युरोपात १४ ठेवला गेला, कारण तिथले साधे पेट्रोल ९५ आरओएनचे असते. अमेरिकेत तेच इंजिन ८७ च्या साध्या पेट्रोलवर चालवायचे होते, म्हणून रेशो १३ वर आणला गेला. धातू, व्हॉल्व्ह, इंधन सोडण्याची यंत्रणा यांत मोठा फरक नाही. ऑक्टेन चार अंकांनी उतरला तर रेशो एक पायरी उतरवावा लागला.

१४ हा आकडा तरीही थक्क करणारा आहे, कारण त्या काळातली बरीच पेट्रोल इंजिने दहा-अकरावर थांबत होती. माझदाच्या अभियंत्यांनी तापमानाच्या मुळावर घाव घातला. प्रत्येक फेरीत सिलिंडरमध्ये आधीच्या ज्वलनाचा थोडा तापलेला वायू मागे राहतो. तो नव्या मिश्रणात मिसळला की दाबायला सुरुवात होण्याआधीच मिश्रण गरम झालेले असते. कंपनीच्या हिशेबानुसार हा उरलेला वायू आठ टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणला, तर रेशो ११ वरून १४ वर नेला तरी दाबल्यानंतरचे तापमान तेवढेच राहते. त्यासाठी धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या लांब केल्या, म्हणजे एका सिलिंडरच्या धुराचा दाब शेजारच्या सिलिंडरमध्ये शिरत नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले, म्हणजे ते वाफ होताना आतली उष्णता शोषून घेते. ऑक्टेन न वाढवता रेशो वाढवायचा तर मिश्रण आधीच थंड ठेवावे लागते, हा या कामाचा सार आहे.

टर्बो इंजिनांत हाच नियम वेगळ्या रूपात दिसतो. टर्बो हवा आधीच दाबून आत ढकलतो, त्यामुळे छापील रेशो नऊ-दहाच असला तरी सिलिंडरमधला प्रत्यक्ष दाब आणि ताप साध्या इंजिनापेक्षा खूप जास्त असतो. म्हणून कमी रेशोच्या टर्बो मोटारीलाही जास्त ऑक्टेन मागितला जाऊ शकतो. उलट काही हायब्रीड मोटारींमध्ये आत हवा घेणारा व्हॉल्व्ह उशिरा बंद करतात. पिस्टन वर येऊ लागला तरी थोडे मिश्रण परत बाहेर जाते, दाबणे कमी होते आणि प्रसरण मात्र पूर्ण मिळते. टोयोटा प्रियसची १३ रेशोची इंजिने साध्या पेट्रोलवर चालली ती यामुळेच. डिझेल इंजिनाला ही अडचणच नाही, कारण ते फक्त हवा दाबते आणि डिझेल शेवटच्या क्षणी फवारते. दाबली जाते तेव्हा पेटायला तिथे काही नसतेच.

गाडी काय सांगते

नॉकिंग ओळखण्याची जागा म्हणजे चढ. वरच्या गिअरमध्ये, कमी गतीला, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून घाट चढवला की सिलिंडर मिश्रणाने पूर्ण भरतो आणि फेऱ्या मंद असल्याने उरलेल्या मिश्रणाला तापायला भरपूर वेळ मिळतो. तेव्हा धातूचा बारीक खड्खडाट ऐकू आला आणि गिअर खाली टाकताच तो थांबला, तर ते नॉकिंगच. फेऱ्या वाढल्या की ज्वाला लवकर पोहोचते, म्हणून खालचा गिअर हा लगेच करता येणारा उपाय आहे. उन्हाळ्याच्या दुपारी हा आवाज वाढतो, कारण आत येणारी हवाच गरम असते. आवाज नवा असेल आणि पेट्रोल तेच असेल, तर साचलेला कार्बन, जास्त पुढे नेलेले इग्निशन टायमिंग, चुकीच्या प्रतीचा प्लग किंवा इंजिनाचे थंड होणे बिघडले आहे का, हे आधी पाहावे लागते.

आजच्या मोटारींमध्ये आणि अनेक महागड्या मोटारसायकलींमध्ये हा आवाज चालकाच्या कानापर्यंत येतच नाही. इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर थरथर ओळखतो आणि संगणक ठिणगीची वेळ काही अंश उशिरा करतो. त्यामुळे सर्वोच्च दाब उतरतो आणि नॉकिंग थांबते. पिस्टनवर पडणारा जोरही मात्र उशिरा पडतो. शक्ती घटते, धूर जास्त गरम निघतो आणि ॲव्हरेज उतरतो. कंपनीने ९५ ऑक्टेन सांगितलेल्या मोटारीत ९१ चे पेट्रोल भरले तर ती बहुधा फुटणार नाही, पण उंच रेशोने जे मिळायला हवे ते हातातून जाते. ज्या साध्या मोटारसायकलींमध्ये हा सेन्सर नसतो, तिथे ती सूटही नसते.

भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण आल्यापासून हा विषय घराघरांत पोहोचला आहे. त्यातले बरेच इथेनॉल महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांमधून येते. वीस टक्के इथेनॉलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन सुमारे ९५ पर्यंत जातो, आणि इथेनॉल वाफ होताना जास्त उष्णता शोषत असल्याने मिश्रण थंडही राहते. पण एका लिटरमधली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. वरच्या १०० सीसी इंजिनाचा रेशो नऊ असेल, तर त्याला ९१ चे पेट्रोल पुरत होतेच. ऑक्टेन वाढल्याचा त्याला काही लाभ नाही, ऊर्जा घटल्याचा तोटा मात्र आहे. तेच इंजिन साडेदहा-अकरा रेशोचे बनवले आणि ठिणगीची वेळ त्याप्रमाणे ठरवली, तर त्या तोट्याचा बराच भाग भरून निघतो. जुन्या गाडीत हेड घासून हा रेशो वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. एक मिलिमीटर कमी झाल्याने रेशो दीड-दोन पायऱ्या चढतो, आणि त्यात पिस्टन व्हॉल्व्हवर आदळण्याचीही भीती असते.

पंपावरचा निर्णय यातून सरळ निघतो. टाकीच्या झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला ऑक्टेन हा किमान आकडा आहे. त्याहून कमी भरल्यास इंजिनाला त्रास होतो किंवा त्याची शक्ती घटते. त्याहून जास्त भरल्यास नुकसान नाही, पण ज्या इंजिनाचा रेशो आणि ठिणगीची वेळ त्या ऑक्टेनसाठी बनवलेली नाही, त्याला फायदाही नाही. पुस्तिकेत ९१ लिहिले असेल तर शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलवर दिलेले जादा पैसे वाया जातात. ९५ लिहिले असेल तर ९१ चे पेट्रोल भरून वाचवलेले पैसे चालकाला घटलेल्या ॲव्हरेजमधून परत मोजावे लागतात.